फॉरेक्स कार्डाचं स्टेटमेंट कसं वाचायचं? परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ठाणे आणि नवी मुंबईतल्या अशा पालकांसाठी आहे, जे इथून रुपये भरतात आणि मुलगा किंवा मुलगी तिथे कार्ड वापरते. पानभर एकच उदाहरण घेतलं आहे: पालक ठाण्यात, मुलगी जर्मनीत आखेनला शिकते, कार्डावर युरोचं वॉलेट आहे. गणित सोपं जावं म्हणून बाजारातला दर एका युरोला १०० रुपये धरला आहे. दर आणि शुल्क तुमच्या कार्डाचे घाला, रीत तीच राहते.

कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये लोडिंग चार्ज कुठेच दिसत नाही. म्हणजे तो लागला नाही का?

लागलेला असतो, पण त्या कागदावर नसतो. कार्डाचं स्टेटमेंट हे परकीय चलनाचं खातं आहे. तुम्ही २,००० युरो भरले की तिथे २,००० युरो जमा एवढीच ओळ येते. ते विकत घेताना रुपयांत किती गेले, कोणत्या दराने गेले, वर किती शुल्क आणि कर लागला, हे सगळं कार्डावर पैसे येण्याआधीच घडून गेलेलं असतं. त्यामुळे लोडिंग चार्ज आणि रुपयाचा दर तुमच्या बचत खात्याच्या नोंदीत आणि लोडच्या पावतीवर शोधायचा. कार्डाचं स्टेटमेंट त्यापुढचं सांगतं: तिथे खर्च करताना युरोचं दुसऱ्या चलनात रूपांतर झालं का आणि त्यासाठी काय कापलं.

हा फरक लक्षात न घेता फक्त कार्डाचं स्टेटमेंट तपासलं, तर खर्चाचा मोठा भाग नजरेतून सुटतो.

मग कोणते कागद समोर ठेवायचे?

तीन. पहिला, प्रत्येक लोडची पावती, म्हणजे बँकेचा किंवा मनी चेंजरचा रुपयांतला हिशेब. ती ईमेलवर येते किंवा मागावी लागते. काउंटरवर ए२ फॉर्मची प्रत हातात देतात आणि पालक तीच पावती समजून जपून ठेवतात, पण ए२ हा फक्त अर्ज आहे, त्यावर शुल्काची फोड नसते. दुसरा कागद म्हणजे ज्या खात्यातून रुपये गेले त्याचं स्टेटमेंट. तिसरा, कार्डाच्या पोर्टलवरून किंवा अ‍ॅपमधून उतरवलेलं कार्डाचं स्टेटमेंट. ते मुलीच्या लॉगिनमधून निघतं, म्हणून तिच्याकडून पीडीएफच मागवा. स्क्रीनशॉटमध्ये व्यवहाराच्या चलनाचा रकाना बऱ्याचदा कापला जातो आणि नेमका तोच हवा असतो.

लोडच्या पावतीवरचे आकडे कसे जुळवायचे?

धरून चला की २,००० युरो भरले, बँकेने कार्डासाठी १०२.४० चा दर लावला आणि रीलोड शुल्क १०० रुपये आहे. पावती अशी बनते:

```
२,००० युरो × १०२.४०            २,०४,८००.००
चलन बदलावरचा जीएसटी                २७४.३२
रीलोड शुल्क १०० + १८% जीएसटी        ११८.००
एकूण रुपये                     २,०५,१९२.३२
```

आता एकूण रुपयांना हातात आलेल्या युरोंनी भागा. २,०५,१९२.३२ भागिले २,००० म्हणजे १०२.५९६. हा तुमचा खरा दर. पावतीवर छापलेला १०२.४० आणि हा १०२.५९६ यांच्यातलं अंतर शुल्क आणि कराचं आहे, ते लहान आहे. मोठं अंतर १०० आणि १०२.४० यांच्यातलं आहे.

त्या दिवशी बाजारात २,००० युरो दोन लाख रुपयांचे होते. तुम्ही ५,१९२ रुपये जास्त दिले. त्यातले ४,८०० दरात मिसळलेले आहेत, २७४ कराचे आहेत आणि ज्याला आपण लोडिंग चार्ज म्हणतो ते जेमतेम ११८. दरात मिसळलेल्या या ४,८०० ची वेगळी ओळ कुठल्याही पावतीवर येत नाही. तो बँकेचा नफा आहे आणि तो घेण्यात बेकायदा काही नाही. पण तो किती आहे हे तुमचं तुम्हालाच काढावं लागतं.

बाजारातला दर कोणता धरायचा? गुगलवरचा चालेल का?

अंदाजाला चालेल. बँकेशी बोलताना मात्र एफबीआयएलचा संदर्भ दर घ्या. डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचा रुपयातला दर ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास fbil.org.in वर जाहीर करते. २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करत असे. लोड झाला त्या तारखेचा दर काढा. सकाळी किंवा संध्याकाळी प्रत्यक्ष बाजार थोडा इकडेतिकडे असू शकतो, म्हणून पाच-दहा पैशांवरून वाद घालू नका. फरक दोन रुपयांचा असेल तर त्याचं कारण वेळ नाही, मार्जिन आहे. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा डॉलर या चार चलनांत नाही. त्यासाठी त्या दिवशीचा बाजारदर दोन ठिकाणी पाहून ठेवा.

दुसरी उपयोगी तुलना बँकेच्या स्वतःच्या दरपत्रकातच असते. स्टेट बँकेसारख्या बँकांच्या रोजच्या दरपत्रकात एकाच चलनाचे वेगवेगळे विक्रीदर असतात, त्यातले तीन आपल्या कामाचे: परदेशी खात्यावर थेट पाठवायचा टीटी दर, फॉरेक्स ट्रॅव्हल कार्डाचा दर आणि नोटांचा दर. सहसा टीटी सगळ्यांत स्वस्त आणि नोटा सगळ्यांत महाग. पावतीवरचा दर कार्डाच्या रकान्याशी जुळवा. तो नोटांच्या दराशी जुळला, तर चुकीचा रकाना लागला आहे. हे लगेच विचारण्यासारखं आहे. आणि विद्यापीठाची फी किंवा वर्षाचं भाडं अशी मोठी रक्कम असेल, तर ती कार्डावर न भरता टीटी दराने थेट पाठवणंच योग्य. कार्ड रोजच्या खर्चासाठी ठेवा.

चलन बदलावरचा जीएसटी २७४ रुपये कसा आला? अठरा टक्के तर खूप जास्त होतील.

१८ टक्के पूर्ण रकमेवर लागत नाहीत. चलन बदलताना बँकेने दिलेल्या सेवेचं मूल्य किती धरायचं याचे टप्पे जीएसटीच्या नियमांत आहेत. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का, पण किमान २५० रुपये. एक लाख ते दहा लाखांमध्ये १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का. दहा लाखांवर ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्का, जास्तीत जास्त ६०,०००. या मूल्यावर १८ टक्के.

आपल्या उदाहरणात २,०४,८०० रुपये आहेत. लाखावरची रक्कम १,०४,८००, तिचा अर्धा टक्का ५२४. त्यात १,००० मिळवले की मूल्य १,५२४ आणि त्याचे १८ टक्के २७४.३२. पावतीवर हाच कर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी असा दोन ओळींत दिसेल. विक्रेत्याची नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल, तर आयजीएसटीची एकच ओळ येते, रक्कम तेवढीच राहते. रीलोड शुल्कावरचा जीएसटी मात्र सरळ १८ टक्के असतो. दोन्ही कर एकाच ओळीत एकत्र केले असतील तर फोड मागा, नाहीतर पडताळणीच करता येत नाही.

एकाने लोडिंग चार्ज शून्य सांगितला आहे. तिथूनच घ्यावं का?

शुल्क विचारू नका, एकूण रुपये विचारा. शून्य शुल्क सांगणाऱ्याचा दर १०३.०० असेल, तर २,००० युरोंचे २,०६,००० आणि जीएसटी २७५.४०, म्हणजे एकूण २,०६,२७५.४०. आपल्या १०२.४० वाल्या बँकेने ११८ रुपये शुल्क घेऊनही ती १,०८३ रुपयांनी स्वस्त पडली.

नौपाड्यातल्या बँकेत, वाशीच्या सेक्टर १७ मधल्या मनी चेंजरकडे किंवा फोनवर, प्रश्न एकाच शब्दांत विचारा: "कार्डावर पूर्ण २,००० युरो यायला माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जातील?" आणि सगळीकडे एकाच तासाच्या आत विचारा, कारण दर दिवसभर हलतो. सकाळचा एक दर आणि दुपारचा दुसरा दर यांची तुलना निरुपयोगी.

दर उतरेल तसे थोडे थोडे युरो भरणं बरं नाही का?

फार लहान तुकडे करू नका. तेच २,००० युरो अडीचशेच्या आठ हप्त्यांत भरले आणि दर तोच राहिला, तर प्रत्येक वेळी ४६.०८ रुपये जीएसटी आणि ११८ रुपये शुल्क. आठ वेळांचे १,३१२.६४ होतात. एकरकमी भरताना हाच खर्च ३९२.३२ होता. म्हणजे ९२० रुपये नुसते तुकडे केल्याचे गेले. १०० युरोंचा लोड तर फारच महाग. त्याला किमान मूल्याचा नियम लागून जीएसटी ४५ आणि शुल्क ११८, म्हणजे सुमारे १०,००० रुपयांवर १६३. दीड टक्क्याहून जास्त, आणि दरातलं मार्जिन वेगळंच. दोन-तीन महिन्यांचा खर्च एकदम भरणं हा बहुतेक घरांसाठी ठीक मध्यम मार्ग आहे.

शाखेत सांगितलेला दर वेगळा होता, पावतीवर वेगळा आहे. असं का?

बहुतेक वेळा कारण वेळेचं असतं. प्रत्येक शाखा स्वतः परकीय चलनाचा व्यवहार करत नाही. कागद तिथे घेतात, स्कॅन करून मध्यवर्ती फॉरेक्स विभागाकडे पाठवतात आणि दर लागतो तो तिथे व्यवहार नोंदला जातो त्या क्षणाचा. तुम्ही सकाळी अकराला फॉर्म दिला, सहीत फरक निघाला, तीनला काम झालं, तर दर तीनचा.

शनिवारी आणि रविवारी बँकांमधला चलन बाजार बंद असतो. एरवी तो सकाळी ९ ते दुपारी ३.३० चालतो. बंद काळात नेटबँकिंगवरून रीलोड केलं, तर काही बँका सोमवारच्या दराने करतात. काही लगेच करतात, पण सोमवारी बाजार उलटा उघडला तर नुकसान नको म्हणून मार्जिन जास्त ठेवतात. पावतीवरची तारीख शनिवार-रविवारची असेल आणि दर शुक्रवारच्या संदर्भ दरापेक्षा नेहमीहून जास्त लांब असेल, तर हेच झालं आहे. उपाय साधा आहे: कामकाजाच्या दिवशी सकाळी भरा, आणि कन्फर्म करण्याआधी स्क्रीनवर दिसणाऱ्या दराचा फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

पावतीवर टीसीएस कापला आहे. तो खर्चात धरायचा का?

नाही. टीसीएस हा आयकराचा आगाऊ भरणा आहे, विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून खरा दर काढताना तो एकूण रुपयांतून वगळा. तो धरला, तर दर उगाच भयंकर दिसतो. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर सगळ्या बँका मिळून १० लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशांवरही लागत नाही.

दोन गोष्टी मात्र नक्की तपासा. ए२ वर शिक्षणासाठीचा `S0305` हा कोड आहे ना? पर्यटनासारखं दुसरं कारण पडलं, तर दहा लाखांवरच्या रकमेला २० टक्के लागू शकतात. शिक्षणासाठीचा दर त्याहून खूप कमी असतो. आणि ए२ वर पॅन कोणाचा आहे? रुपये वडिलांच्या खात्यातून गेले, पण फॉर्मवर पॅन मुलीचा असेल, तर जमा मुलीच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसेल आणि परताव्यासाठी विवरणपत्र तिलाच भरावं लागेल. ही गोष्ट घरात बहुधा पुढच्या जुलैत लक्षात येते.

आता कार्डाचं स्टेटमेंट. त्यातल्या ओळी कशा वाचायच्या?

आपल्या उदाहरणातल्या मुलीचा ऑक्टोबर असा दिसतो:

```
03-OCT RELOAD                     EUR +2000.00
11-OCT ATM WDL AACHEN EUR 204.95  EUR  -204.95
11-OCT ATM FEE                    EUR    -1.50
18-OCT POS PRAHA CZK 2500.00      EUR  -103.50
19-OCT ATM WDL PRAHA INR 10800.00 EUR  -111.78
19-OCT ATM FEE                    EUR    -1.50
```

प्रत्येक खर्चात दोन रकमा आहेत. आधीची व्यवहाराची, म्हणजे दुकानाने किंवा एटीएमने ज्या चलनात मागितली ती. नंतरची वॉलेटमधून गेलेली. दोन्हींचं चलन एकच असेल तर रूपांतर झालेलं नाही आणि दोन्ही आकडे सारखेच हवेत. चलनं वेगळी असतील तिथे थांबा, कारण पैसे तिथेच गळतात. काही स्टेटमेंटांत चलनाच्या अक्षरांऐवजी आकडे असतात: `978` युरो, `840` अमेरिकन डॉलर, `826` पौंड आणि `356` भारतीय रुपया.

पहिली ओळही दुर्लक्षित करू नका. पालकांच्या नेटबँकिंगमध्ये डॉलरचं वॉलेट आधीच निवडलेलं असतं आणि घाईत तेच भरलं जातं. लोडच्या ओळीत `EUR` ऐवजी `USD` दिसलं, तर जर्मनीतला रोजचा प्रत्येक खर्च रूपांतरित होत राहील. ते पहिल्याच दिवशी कळलं तर बरं.

१८ ऑक्टोबरची प्रागची ओळ. १०३.५० युरो बरोबर आहेत का?

चेक प्रजासत्ताकात कोरुना चालतो, युरो नाही. मुलीने २,५०० कोरुनांचं बिल युरोच्या वॉलेटमधून भरलं, तेव्हा आधी व्हिसा किंवा मास्टरकार्डने आपल्या दराने कोरुनाचे युरो केले आणि त्यावर कार्ड देणाऱ्या बँकेने क्रॉस करन्सी शुल्क लावलं. नेटवर्कचा दर २५ कोरुनाला एक युरो धरला तर १०० युरो होतात. १०३.५० गेले, म्हणजे साडेतीन टक्के शुल्क लागलं.

तपासायला व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या संकेतस्थळावरचे चलन गणक उघडा. आधी कार्डावर कोणतं चिन्ह आहे ते पाहा, दोघांचे दर वेगळे असतात. बँकेचं शुल्क या रकान्यात शून्य घाला आणि व्यवहाराची तारीख द्या. उत्तर आणि स्टेटमेंटमधला आकडा यांचा भागाकार करा: १०३.५० भागिले १०० म्हणजे १.०३५. आता हा साडेतीन टक्के कार्डाच्या शुल्कपत्रकातल्या आकड्याशी जुळवा. थोडा मागेपुढे येत असेल तर तारीख एक-दोन दिवस पुढे करून पाहा, कारण काही व्यवहारांना खरेदीचा नाही, तो नेटवर्कवर पोहोचला त्या दिवसाचा दर लागतो. काही बँका शुल्क वेगळ्या ओळीत दाखवतात, तेव्हा १०० आणि ३.५० अशा दोन ओळी मिळतील. एकच ओळ असेल तर शुल्क आत दडलेलं असतं, लागलेलं नसतं असं नाही.

१९ तारखेला प्रागमध्येच पैसे काढले, पण स्टेटमेंटवर भारतीय रुपये का?

कारण एटीएमने पडद्यावर रुपयांत रक्कम दाखवली आणि मुलीने ती मान्य केली. परदेशी यंत्राला कार्ड भारतात दिलेलं आहे एवढंच कळतं, आत युरो भरलेत हे कळत नाही. म्हणून ते रुपयांत आकारणी करायचा पर्याय देतं. आपल्या नोटांतली रक्कम ओळखीची वाटते, म्हणून बटण दाबलं जातं.

मग काय होतं ते पाहा. काढले तितकेच, २,५०० कोरुना, बाजारभावाने १०० युरो किंवा १०,००० रुपये. एटीएमने स्वतःचा दर लावून १०,८०० रुपये मागितले. नेटवर्कने त्या रुपयांचे १०८ युरो केले. वॉलेट युरोचं आणि व्यवहार रुपयांचा, म्हणून बँकेने वर साडेतीन टक्के, ३.७८ युरो, घेतले. एकूण १११.७८. आदल्या दिवशी तेवढेच कोरुना १०३.५० मध्ये झाले होते. आणि हे युरो तुम्ही १०२.५९६ ला घेतलेले आहेत, म्हणजे १०,००० रुपयांच्या नोटा घरच्या हिशेबात साधारण ११,४७० रुपयांना पडल्या.

परदेशातल्या कुठल्याही व्यवहारासमोर `INR` किंवा `356` दिसलं की हेच झालं आहे असं धरा. हे जर्मनीतही होतं, तिथे तर युरोचं वॉलेट असताना एकाही रूपांतराची गरज नसते. मुलीला एक वाक्य पाठ करायला सांगा: जिथे उभी आहेस तिथलं चलन निवड. एटीएमवर बटण सहसा `Decline conversion` किंवा `Without conversion` असं असतं. ते दाबल्याने व्यवहार रद्द होत नाही, पैसे निघतातच. यंत्रावरचे शब्द मुद्दाम घाबरवणारे असतात, म्हणून हे आधी सांगून ठेवणं गरजेचं आहे.

झालेले पैसे परत मिळणं अवघड. दुकानात विचारलंच नाही आणि परस्पर रुपयांत घेतले, तर मात्र बँकेकडे वाद नोंदवता येतो. कार्डधारकाला निवड देणं दुकानदारावर बंधनकारक आहे. त्यासाठी दुकानाची स्लिप हवी, म्हणून ती फेकू नये.

आखेनच्या एटीएममधून २०० युरो काढले, मग २०४.९५ कसे?

४.९५ युरो त्या एटीएमच्या मालकाचे. ते काढलेल्या रकमेतच मिळवलेले असतात, वेगळी ओळ येत नाही. खालची १.५० ची ओळ तुमच्या कार्डाच्या बँकेची. अशी विषम रक्कम दिसली की कोणत्या यंत्रातून काढले ते मुलीला विचारा. शहरातल्या प्रत्येक एटीएमला हे शुल्क असतंच असं नाही, आणि असेल तर यंत्र ते आधी दाखवतं.

कार्डावर डॉलर पडून होते, ते युरोत बदलले. शुल्क तर काही दिसत नाही.

पुन्हा दरात पाहा. स्टेटमेंटवर एकाच वेळच्या दोन ओळी असतील: डॉलरमधून ५०० वजा, युरोत ४४० जमा. त्या दिवशी बाजारात एक युरो १.१० डॉलरचा असेल, तर ४५४.५५ युरो यायला हवे होते. साडेचौदा युरो, म्हणजे ३.२ टक्के, दरात गेले. एका वॉलेटमधून दुसऱ्यात पैसे हलवताना नेटवर्कचा दर लागत नाही, कार्ड देणाऱ्याचा लागतो.

काही कार्डांवर युरो संपले की व्यवहार नाकारला जातो, काहींवर तो आपोआप डॉलरच्या वॉलेटमधून होतो आणि क्रॉस करन्सी शुल्क पडतं. युरोतल्या खरेदीसमोर अचानक `USD` वजा दिसलं तर हे दुसरं. तुमचं कार्ड कोणत्या प्रकारचं आहे ते माहितीपत्रकात एकदा पाहून ठेवा.

परत केलेल्या वस्तूचे पैसे कमी का आले?

खरेदी आणि परतावा दोन्ही युरोत असतील तर रक्कम सारखीच हवी. कोरुनातली खरेदी परत केली, तर परताव्याला त्या दिवसाचा दर लागतो आणि आधी घेतलेलं क्रॉस करन्सी शुल्क बहुतेक कार्डांवर परत येत नाही.

अ‍ॅपमधली शिल्लक आणि स्टेटमेंटची बेरीज जुळत नाही.

वरच्या सहा ओळींची शिल्लक १,५७६.७७ युरो येते. अ‍ॅप त्याहून कमी दाखवत असेल, तर हॉटेल, भाड्याची गाडी किंवा पेट्रोल पंप अशा ठिकाणी काही रक्कम अडवून ठेवलेली असण्याची शक्यता मोठी. अंतिम बिल आलं की अडवलेली रक्कम सुटते, पण तिला काही दिवस लागतात. स्टेटमेंटवर फक्त पूर्ण झालेले व्यवहार येतात.

महिन्याचा एकूण छुपा खर्च एका आकड्यात कसा मांडायचा?

युरोतली गळती आधी जोडा: ४.९५, १.५०, ३.५०, ११.७८ आणि १.५०, एकूण २३.२३ युरो. तिला खऱ्या दराने गुणा, बाजारदराने नाही, कारण ते युरो तुम्ही त्याच भावाने घेतले होते. २३.२३ × १०२.५९६ म्हणजे सुमारे २,३८३ रुपये. यात लोडचे ५,१९२ मिळवू नका, ते पूर्ण २,००० युरोंवरचे आहेत आणि त्यातले बरेच अजून शिल्लक आहेत. लोडचा खर्च प्रत्येक लोडसमोर आणि कार्डाची गळती प्रत्येक महिन्यासमोर, असे दोन वेगळे रकाने वहीत ठेवले तर दर कुठे बिघडतो आहे आणि सवय कुठे बिघडते आहे, हे वेगळं दिसतं.

चूक सापडली तर तक्रार कशी लिहायची?

"जास्त पैसे कापले" असं लिहू नका, त्याला छापील उत्तर येतं. व्यवहाराची तारीख, स्टेटमेंटमधली ओळ जशीच्या तशी, शुल्कपत्रकातला आकडा, तुम्ही काढलेला आकडा आणि फरक, एवढं लिहा. उदाहरणार्थ: शुल्कपत्रकात क्रॉस करन्सी २ टक्के आहे, १८ ऑक्टोबरच्या व्यवहारावर नेटवर्कच्या दराने १०० युरो होतात, १०३.५० घेतले, दीड युरो जास्त. सोबत गणकाच्या पानाची प्रत जोडा. लोडच्या दराबद्दल तक्रार असेल तर कन्फर्म करण्याआधीचा स्क्रीनचा फोटो आणि पावती दोन्ही जोडा. नुसतं मार्जिन जास्त आहे या मुद्द्यावर पैसे परत मिळत नाहीत, दाखवलेला दर आणि लावलेला दर वेगळा असेल तर मुद्दा उभा राहतो.

कार्ड मुलीच्या नावावर असल्यामुळे कार्डाच्या व्यवहाराची तक्रार तिच्या नोंदणीकृत ईमेलवरून जायला हवी. लोडची तक्रार ज्याच्या खात्यातून रुपये गेले त्याला करता येते. मनी चेंजरकडून कार्ड घेतलं असेल, तरी ते देणारी बँक कोणती हे कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं, तिलाही प्रत पाठवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क नोंदवता येते. तिथे तोच क्रमांक आणि बँकेला पाठवलेल्या तक्रारीची प्रत लागते.